काचेवर चिकटवलेली सही

"साहेब, तुम्ही सह्या खरंच बघता, का नुसतं बघितल्यागत करता?"

हा प्रश्न मी विचारला. भर बँकेत, शनिवारी दुपारी बारा वाजता, अख्खी रांग ऐकत असताना, खुद्द शाखाधिकारी उदयसिंह साहेबांना. पैज माझ्या वर्गातल्या निशाची होती. "इचारलंस तर भेळ माझ्याकडनं," ती म्हणाली होती, "आणि न्हाय इचारलंस तर सोमवारपास्नं वर्गात सगळ्यांनी तुला मिंधी म्हणायचं." मिंधी का, तर माझी आई त्याच बँकेत ऑफिसर आहे आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथल्या बाकावर बसून फुकटचा पंखा खाते.

आधीची मी असते तर मिंधी म्हणवून घेतलं असतं. पण ऑगस्टात वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तेव्हापासून हिचं तोंड म्हणजे बिनतोटीचा नळ, असं पप्पा म्हणतात.

साहेब रागावले नाहीत. उलट फुलले. त्यांना कुणी काही विचारलं की ते फुलतात, उत्तर येत असो वा नसो.

"बाळ, इकडं ये. प्रियदर्शनी ना तू? रूपाली मॅडमची?" मला त्यांनी एक नंबर काउंटरच्या काचेपाशी नेलं. काचेवर एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला होता. "हे वाच. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे आपल्याकडं सही कशी बघतात ते."

मी वाचलं. "सही हा ग्राहकाच्या विश्वासाचा आरसा असून टेलरने डोळ्यांत तेल घालून तो पुसला पाहिजे."

बाकावर निशा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. डोळ्यांत तेल घातल्यावर आरसा दिसणार कसा, आणि सही पुसल्यावर खाली उरणार काय, हे साहेबांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. कारण ते वाक्य टाईप मीच केलं होतं.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत बँकेत एक नवीन टेलर आली. क्रांतीताई. बावीस वर्षांची, कागलहून रोज एसटीनं येणारी, सहा महिने काम बघून मग कायम करायचं, या बोलीवर घेतलेली. टेलर म्हणजे काउंटरवर पैसे घेणारी-देणारी. तिच्यासाठी आणि पुढं येणाऱ्यांसाठी एक टिपण करा, असा वरून निरोप आला. साहेबांनी ते काम आईवर ढकललं, आणि वर नाव मात्र स्वतःचं घालायला सांगितलं. आईनं रात्री स्वयंपाक आवरून हातानं लिहिलं आणि माझ्या लॅपटॉपवर मी टाईप केलं. म्हणून तर मला ते अजून तोंडपाठ आहे.

आईनं लिहिलेलं साधं होतं. पैसे भरायची स्लिप आली तर आधी नोटा ग्राहकासमोर मोजायच्या, मग स्लिपवर लिहिलेल्या नोटांच्या तपशिलाशी ताळा घ्यायचा, आकडे आणि अक्षरं एकच सांगतात का बघायचं, दोन्ही भागांवर नाव-नंबर सारखा आहे का बघायचं, आणि शिक्का सगळ्यात शेवटी. एकदम पन्नास हजार किंवा जास्त रोख असेल तर पॅन नंबर. पैसे काढायचा फॉर्म आला तर सोबत पासबुक पाहिजेच, तारीख पाहिजे, खाडाखोड असेल तर तिथं ग्राहकाची पूर्ण सही पाहिजे. फॉर्मवरची सही संगणकातल्या नमुन्याशी ताडायची (सातवा नियम: शेवटची रेघ कमी-जास्त असली तर हरकत नाही), फोटो आणि माणूस ताडायचा, आणि पैसे देताना फॉर्मच्या मागं घेणाऱ्याची सही घ्यायची. वीस हजारांपर्यंत टेलरनं द्यायचे, त्यावर फॉर्म ऑफिसरकडं.

आणि नववा नियम. "ग्राहक स्वतः हजर नसेल आणि पत्र देऊन दुसऱ्याला पाठवलं असेल, तर रक्कम कितीही लहान असो, फॉर्म ऑफिसरकडे पाठवावा."

साहेबांनी नववा नियम खोडला. "रांग वाढते हो मॅडम त्यानं." त्या मोकळ्या जागेत मग त्यांचं ते आरशाचं वाक्य आलं. आणि त्यांना चित्र पाहिजे होतं. "नमुन्याची सही दाखवल्याशिवाय पोरं शिकणार कशी?"

"खोटी एखादी काढूया की साहेब," आई म्हणाली.

"खोटी? सही तपासायच्या टिपणात खोटी सही?" साहेब असे हसले की जणू आईनं वरणात साखर टाकली. आणि एका खऱ्या ग्राहकाच्या नमुना सहीच्या कार्डाची झेरॉक्स त्यांनी तिच्या हातात दिली. का तर ती सही सुंदर होती म्हणे. खरंच होती. पहिल्या अक्षराला फुगीर कमान, मधली अक्षरं एकमेकांत गुंफलेली, आणि शेवटी खाली उतरणारी एक लांब शेपटी. नाव वाचता येत नव्हतं, पण बघत बसावी अशी.

मी ती स्कॅन केली. चारपट मोठी केली. बाण काढले, "कमान बघा", "जोड बघा". खाली खाते नंबर छापलेला होता, त्यावर काळा चौकोन टाकून झाकला. चौकोनाखाली शेपटीचं टोकही गेलं, पण कोण बघतंय! मला ते पान इतकं आवडलं की मीच दुकानातून लॅमिनेट करून आणलं आणि मीच जाऊन क्रांतीताईच्या काचेवर लावलं. तोंड बाहेरच्या बाजूला. "लोकांना पण कळू दे की साहेब, बँक किती काटेकोर हाय," मी म्हणाले. साहेब म्हणाले, "शाब्बास."

ज्या बाईनं ते बघून काम करायचं तिला ते उलटं दिसत होतं, आणि ज्यांना दिसायला नको होतं त्यांना सुलटं. इतकी हुशार पोरगी आणि इतका हुशार साहेब एकाच वेळी एका काचेपुढं उभे होते. कुणालाही काही वाटलं नाही.

तर शनिवारी माझं वाचन संपलं. रांगेतल्या एका डेअरीवाल्या मावशींनी स्लिप आत सरकवली. क्रांतीताईनं नोटा मोजल्या, स्लिप बघितली, परत बाहेर दिली.

"मावशी, अक्षरात अठ्ठावीस हजार लिहिलाय, आकड्यात अठ्ठावीस हजार पाचशे. नोटा पाचशे जास्तीच्या हायत. दुसरी स्लिप भरा."

"अगं, लिव की तूच वर पाचशे."

"मी लिहिणार न्हाय. तुमच्या स्लिपवर माझं अक्षर कशाला?"

मावशी पुटपुटत दुसरी स्लिप भरायला गेल्या. साहेब माझ्याकडं बघून भुवया उडवत म्हणाले, "बघितलंस? माझं ट्रेनिंग."

तेवढ्यात केरबा आबा आले. केरबा पेंटर. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्यांनी रंगवलेत. आता डिजिटल फ्लेक्स आल्यापासून घरीच असतात. हातात पासबुक होतं, नुकतंच यंत्रात घालून छापून घेतलेलं.

"मंगळवारी माजं अठरा हजार कुणी काडलं?"

क्रांतीताईनं पासबुक घेतलं. तिला लगेच आठवलं. "आबा, तुमचा पुतण्या आलता की. विजयसिंह. तुमचं पत्र आणलं होतं, गुडघा दुखतोय म्हणून. पासबुकपण होतं."

"पत्र? मी जल्मभर बोर्ड लिवलं, पत्र न्हाय लिवलं कुणाला. पासबुक माज्या पेटीत व्हतं. काडलं आन परत ठेवलं बी व्हय भाड्यानं! कालपास्नं घरात बी न्हाय त्यो."

साहेबांनी खाकरून आईला मंगळवारची व्हाउचरं आणायला सांगितली. आईनं गठ्ठा सोडून फॉर्म काढला. त्याला पत्र टाचलेलं होतं. फॉर्मवर आबांची सही, पत्रावर आबांची सही, मागं विजयसिंहची. साहेबांनी संगणकावर आबांचा नमुना उघडला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"तंतोतंत," ते म्हणाले. "आबा, सही तुमचीच हाय. घरचं भांडण घरी मिटवा."

"म्या केली न्हाय!"

"मग इथं करून दाखवा."

आबांनी कोऱ्या कागदावर चारदा सही केली. पहिलीची कमान बसकी, दुसरीची उंच, तिसरीत जोड सुटला, चौथी कागदाबाहेर चालली. चारही त्यांच्याच, आणि चारही वेगळ्या. माणूस आहे तो, रबरी शिक्का नाही.

"बघा," साहेब म्हणाले, "आता मुद्दाम वेगळ्या करताय."

"मुद्दाम?" आबांचा आवाज चढला. "पावणं, मी आता मेन हापिसात जातो. तितं इचारतो, सही म्हंजे काय आस्तं ते."

मेन हापिस म्हटल्याबरोबर साहेबांचा चेहरा फिरला. मी बघत होते. अगदी पंखा उलटा फिरावा तसा. ते क्रांतीताईकडं वळले. "क्रांती, तू ही सही नीट तपासली नाहीस."

दोन मिनिटांपूर्वी जी सही तंतोतंत खरी होती, ती क्रांतीताईच्या निष्काळजीपणामुळं खोटी झाली! जादूच की. नाक्यावरचा जादूगार टोपीतून कबुतर काढताना निदान रुमाल तरी टाकतो.

"साहेब, मी स्क्रीनवर बघितली होती," क्रांतीताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "जुळत होती. शेवटची रेघ तेवढी आखूड वाटली. पण टिपणात सातवा नियम हाय, शेवटची रेघ कमी-जास्त असली तर हरकत न्हाय. आणि रक्कम वीसच्या आत होती."

"नियमावर ढकलू नको. सोमवारी मेन ऑफिसचे तपासणीस येणार आहेत. मी रिपोर्ट देतो. तुझे सहा महिने या पंधरा तारखेला संपतात ना? पुढचं ते बघतील."

शेवटची रेघ आखूड.

मी फॉर्मकडं बघितलं. आईच्या हातात होता, माझ्यापासून दोन हातांवर. सहीची शेपटी खाली उतरत होती आणि मध्येच तोडल्यासारखी थांबत होती. पत्रावरची पण. दोन्ही एकाच जागी तुटलेल्या, माझ्या काळ्या चौकोनाची कड जिथं होती तिथं. समोर स्क्रीनवर आबांची खरी शेपटी अखंड, नंबराच्या पार खालपर्यंत गेलेली. म्हणजे काचेवरची ती सुंदर सही केरबा आबांचीच होती.

विजयसिंहनं रांगेत उभं राहून काकाची सही ओळखली होती, काचेचा फोटो काढला होता आणि सही त्यावरून गिरवली होती. म्हणूनच ती तंतोतंत होती. खरी सही तंतोतंत येत नाही, ते आत्ताच आबांनी चार वेळा दाखवलं होतं. आणि ही सही आबांची नाही, माझ्या कागदाची आहे, हे सांगू शकणारी अख्ख्या बँकेत एकटी मी होते. चौकोन मी टाकला होता ना.

मी तोंड उघडलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. ओरडली नाही, डोळे वटारले नाहीत. फक्त मान किंचित हलवली. नको.

आणि मी, वक्तृत्वात पहिली, बिनतोटीचा नळ, गप्प बसले.

साहेब मात्र गप्प नव्हते. ते बोलत बोलत काचेला पाठ लावून उभे राहिले, आबांना चहा सांगितला, "बसा, शांत व्हा, तक्रार लिहून द्या" म्हणाले, आणि हात मागं घेऊन तो लॅमिनेट केलेला कागद नखानं सोलून काढला. चिकटपट्टीचा चर्र आवाज झाला. कागद ड्रॉवरमध्ये गेला. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. एवढा वेळ मी त्यांना मूर्ख समजत होते, तो त्यांचा मान होता म्हणायचा.

बाहेर निशानं भेळ घेतली. पैज ती पाळते. "खा की," ती म्हणाली. "काय गं, आत तुझं तोंड कुठं गेलतं? ती क्रांतीताई रडकुंडीला आली आणि तू पंख्याकडं बघत बसलीस. प्रश्न इचारायला वाघ, आणि नंतर?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत. पण तुला कळत होतं, ते दिसत होतं."

भेळ मी तिलाच दिली.

संध्याकाळी आई आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. पप्पा फाउंड्रीतून येऊन पाय धुत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

"आई, शेपटी तुला पण दिसली ना?"

"दिसली."

"मग?"

तिनं गॅस बारीक केला. "मग काय? ग्राहकाच्या सहीचं कार्ड घरी आणलं कुणी? मी. पोरीच्या लॅपटॉपवर टाकलं कुणी? मी. बँकेच्या नियमात ते कुठं बसत न्हाय दर्शू. मेमो येईल मला. सोळा वर्षांत एक मेमो न्हाय माझ्या फायलीत."

"पण कार्ड साहेबांनी दिलं."

"तोंडी दिलं. लिहून न्हाय दिलं. ते म्हणतील मी दिलंच न्हाय." तवा ठेवत ती म्हणाली, "साहेब म्हणत होते, क्रांती लहान हाय, दुसरीकडं कुठंतरी लागेल."

"आणि तुला ते पटलं?"

आई भाकरी थापत राहिली. तिला पटलं नव्हतं, हे भाकरीकडं बघून कळत होतं. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. आईची भाकरी अशी कधी होत नाही.

पप्पा दारात आले. "काय चाललंय मायलेकींचं?"

आईनं सगळं सांगितलं. थोडक्यात, आवाज न चढवता, स्वतःचं काही न लपवता. पप्पांनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "आणि काचेवर लावलं कुणी?"

"मी."

"बाहेर तोंड करून?"

"व्हय."

"शाबास," पप्पा म्हणाले. साहेबांचा शाब्बास आणि पप्पांचा शाबास यात किती फरक असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी लॅपटॉप उघडला. टिपणाच्या तीन फायली होत्या. पहिलीत आईचा नववा नियम होता. दुसरीत साहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली दुरुस्ती मी तशीच चिकटवली होती, त्यांच्या नावासकट, "नियम ९ काढावा, रांग वाढते." तिसरीत आरसा. आणि एका वेगळ्या फोल्डरमध्ये स्कॅन केलेली पूर्ण सही होती, अख्ख्या शेपटीची, काळा चौकोन टाकायच्या आधीची. मी ती पूर्ण सही आणि काचेवरचं पान शेजारी शेजारी लावलं. आईला दाखवलं. पप्पांना दाखवलं. पप्पांना सह्यांतलं काही कळत नाही, पण तेसुद्धा म्हणाले, "तुटली की हितं."

"दर्शू, बंद कर ते," आई म्हणाली. पण लॅपटॉप तिनं स्वतः बंद केला नाही.

मला एकदम सगळ्याचीच चीड आली. साहेबांची, त्या आरशाची, विजयसिंहची, माझीसुद्धा. क्रांतीताईनं डेअरीवाल्या मावशींच्या स्लिपवर एक अक्षरसुद्धा लिहिलं नाही, कारण ती स्लिप तिची नव्हती. तिच्या रिपोर्टवर मात्र आम्ही सगळे मिळून आमची चूक लिहून टाकणार होतो. काचेआडून तिला ती उलटी दिसते म्हणून.

मी उठून उभी राहिले. स्टेजवर उभी राहते तशी नाही. लॅपटॉप उघडाच हातात धरला.

"आई, पप्पा, ऐका. सोमवारी मी शाळेत जाणार न्हाय. बँकेत जाणार हाय, तपासणीस यायच्या आधी. लॅपटॉप घेऊन. हे पान मी केलं, चौकोन मी टाकला, काचेवर मी लावलं, आणि विजयसिंहनं त्यावरनं सही गिरवली, हे मी लिहून देणार. सही दिली साहेबांनी, नियम काढला साहेबांनी, हे पण लिहिणार. आई, कार्ड तू घरी आणलंस, तेसुद्धा त्यात येणार. ते गाळलं तर बाकीचं कुणी खरं मानणार न्हाय. तू माझ्याबरोबर आलीस तर आपण दोघी जाऊ. न्हाय आलीस तर मी केरबा आबांबरोबर जाईन, पण जाणार."